शुक्रवारचे चार पेग आणि रविवारच्या मांड्या : एक प्रकरण अभ्यास

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे एक गृहस्थ जुलैमध्ये माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आले. वय ४१, वजन ७६ किलो, पुण्यात आयटीत नोकरी, पाच वर्षांपासून नियमित धावणं आणि आठवड्यातून दोनदा जिम. तक्रार अशी की रविवारच्या लांब धावेत बारा-तेरा किलोमीटरनंतर मांड्या ‘संपतात’. चढावर दम टिकतो, पण उतारावर पाय धरत नाहीत आणि गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागतं. पाषाणहून सूस खिंड ओलांडून परत येताना त्यांना उतारावर चक्क चालावं लागत होतं. साताऱ्याच्या शर्यतीत पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढण्यात जातो आणि दुसरा अर्धा भाग तोच घाट उतरण्यात. त्यामुळे ही तक्रार दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती.

गुडघे तपासले. सूज नाही, सांध्यात ढिलेपणा नाही, वाटीच्या हालचालीत खास काही नाही. बूट ठीक, आठवड्याचं धावणंही एकदम वाढवलेलं नाही. मग मी सोमवार ते रविवार सगळा आठवडा तासातासाने लिहून आणायला सांगितला. त्या कागदावर शुक्रवार असा होता: संध्याकाळी साडेसहा ते साडेसात स्क्वॉट, लंजेस आणि रोमेनियन डेडलिफ्ट, नऊ वाजता मित्राकडे बैठक, चार पेग व्हिस्की, एक वाजता झोप. शनिवार आराम. रविवारी पहाटे साडेपाचला लांब धाव.

दारूबद्दल विचारलं तर ते लगेच म्हणाले, “मॅडम, शुक्रवारी घेतो, धावतो रविवारी. तोपर्यंत अंगात काही राहत नाही. शनिवारी चार लिटर पाणी पितो, ओआरएस घेतो.”

हे उत्तर माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच धावपटूंकडून ऐकायला मिळतं. त्यातली दोन्ही विधानं जवळपास खरीच आहेत. रविवारी पहाटे त्यांच्या रक्तात दारू नव्हती आणि शरीरात पाणीही कमी नव्हतं. तरीही मांड्या संपत होत्या, आणि त्याचं मूळ शुक्रवारातच होतं. कसं, ते शोधायला आम्हाला दोन-अडीच महिने लागले. त्यांच्या परवानगीने ते सगळं इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चार पेग म्हणजे किती

आधी प्रमाण पक्कं करायचं होतं. लार्ज पेग म्हणजे ६० मिली हा हिशोब बारमध्ये चालतो, तिथे मापाने ओततात. घरच्या बैठकीत डोळ्यांनी ओततात. मी त्यांना रोजचा ग्लास आणायला सांगितलं आणि त्यात नेहमीसारखा पेग भरून दाखवा म्हटलं, फक्त व्हिस्कीच्या जागी पाणी. त्यांनी सवयीने दोन बोटं भरलं. ते पाणी मी औषधाच्या मापात ओतलं तर ८० मिली निघालं. पुन्हा भरायला लावलं, तरी तेवढंच. मग त्यांना स्वतःलाच आठवलं, “हो, आम्ही दोघं मिळून खंबा जवळजवळ संपवतो.” खंबा ७५० मिलीचा. दोघांचे ८० मिलीचे चार-चार पेग म्हणजे ६४० मिली. हिशोब जुळला.

आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं आणि एक मिली अल्कोहोलचं वजन ०.७९ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे ३२० मिली व्हिस्कीतून पोटात गेलं सुमारे १०८ ग्रॅम अल्कोहोल. ते ७६ किलोच्या माणसात, म्हणजे दर किलो वजनामागे १.४ ग्रॅम. मापाने ६० मिलीचे चार पेग घेतले असते तर हाच आकडा १.०७ झाला असता. किलोमागे किती ग्रॅम हे कळल्याशिवाय या विषयातलं कुठलंही संशोधन स्वतःला लावून बघता येत नाही. ‘दोन पेग’, ‘थोडीशी’, ‘फक्त बिअर’ या शब्दांवरून काहीच ठरत नाही. ६५० मिलीची आठ टक्के स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम, मापाच्या दोन लार्ज पेगांएवढी.

यकृत तासाला साधारण आठ ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. रात्री नऊला सुरू झालेले १०८ ग्रॅम शनिवारी सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान संपत होते. म्हणजे स्क्वॉट करून दमलेल्या मांड्यांची दुरुस्ती जेव्हा जोरात चालायला हवी, ते पहिले बारा-पंधरा तास जवळपास पूर्ण अल्कोहोलच्या सान्निध्यात जात होते.

पाण्याचा संशय

त्यांना स्वतःला पाण्याचाच संशय होता, म्हणून आधी तोच तपासला. सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करायचं आणि लिहायचं, एवढंच काम दिलं.

अल्कोहोलने लघवी वाढते, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या व्हॅसोप्रेसिनला ते आवर घालतं. हे संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगतं. ते कमी झालं की पाणी सुटून जातं. ढोबळ हिशोब असा की एका ग्रॅम अल्कोहोलमागे जास्तीत जास्त दहा मिली जादा लघवी, म्हणजे त्यांच्या बाबतीत फार तर एक लिटर. पण हा आकडा अंगात भरपूर पाणी असलेल्या माणसाचा आहे. घाम जाऊन आलेलं शरीर पाणी धरून ठेवतं आणि हा परिणाम बराच बोथट होतो. शिवाय व्हिस्कीबरोबर सोडा आणि पाणी पोटात जात होतंच.

वजनाच्या नोंदींतही तेच दिसलं. नेहमीची सकाळ ७६.२ किलो, बैठकीनंतरची शनिवार सकाळ ७५.० किलो, रविवार पहाट ७६.० किलो. शनिवारची तूट खरी होती. घाम, लघवी आणि धड न झालेलं जेवण, तिन्ही त्यात आलं. पण रविवारपर्यंत ती भरून निघत होती. लघवीचा रंगही रविवारी फिकट होता. पाण्याचं काम ते नीट करत होते, म्हणून रविवारच्या मांड्यांचा दोष पाण्यावर ढकलता येत नव्हता.

लांब धाव शनिवारी पहाटे असती तर माझं मत वेगळं असतं. तेव्हा अंगात अल्कोहोल शिल्लक, वजन सव्वा किलोने कमी, आणि यकृत अल्कोहोलच्या मागे लागल्यामुळे नवी साखर बनवण्यात मागे पडलेलं. पुण्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात अशा अवस्थेत धावणं म्हणजे चक्कर आणि उष्माघाताला आमंत्रण. ‘बिअरमध्ये पाणीच तर असतं’ असं म्हणून व्यायाम संपताच बिअर उघडणाऱ्यांसाठी स्कॉटलंडमध्ये झालेला १९९७ चा एक प्रयोग उपयोगी आहे. घाम गाळलेल्या लोकांना, गेलेल्या पाण्याच्या दीडपट पेय दिलं. फरक फक्त अल्कोहोलच्या टक्क्यांत. दोन टक्क्यांपर्यंत शरीर भरून येण्यात फारसा फरक पडला नाही. चार टक्क्यांना लघवी वाढली आणि रक्तातलं द्रव पूर्ववत व्हायला उशीर लागला. आपली नेहमीची बिअर पाच टक्क्यांची आणि आठ टक्क्यांपर्यंत जाणारी. त्यांच्या ८० मिलीच्या पेगात २०० मिली सोडा घातला तरी मिश्रण बारा टक्क्यांचं होतं.

छत्तीस तासांचा हिशोब

मग मी त्यांच्यासमोर न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातला २०१० चा प्रयोग ठेवला, कारण त्याचं वेळापत्रक या गृहस्थांच्या आठवड्याशी थक्क व्हावं इतकं जुळतं. निरोगी पुरुषांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूला ‘एक्सेंट्रिक’ पद्धतीने थकवलं, म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच त्याच्याकडून जोर लावून घेतला. स्क्वॉटमध्ये खाली बसताना आणि घाट उतरताना मांडी हेच काम करते, आणि स्नायूतंतूंना सर्वात जास्त इजा याच कामात होते. त्यानंतर एकदा संत्र्याचा रस आणि एकदा व्होडका घातलेला तितक्याच उष्मांकांचा रस दिला. अल्कोहोल किलोमागे एक ग्रॅम. ३६ तासांनी ताकद मोजली तेव्हा नुसता रस प्यायल्यावर ती वेगवेगळ्या चाचण्यांत १२ ते २८ टक्क्यांनी उतरलेली होती. अल्कोहोलनंतर ३४ ते ४० टक्क्यांनी. आणि स्नायूचं दुखणं मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखंच.

ही शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते. आपण सगळे मांडी दुखते की नाही यावरून रिकव्हरी ठरवतो. इथे दुखणं तेवढंच असतं आणि ताकद मात्र जास्त गेलेली असते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. शुक्रवारी साडेसातला संपलेला स्क्वॉट आणि रविवारी साडेपाचची धाव यांच्यात ३४ तास होते. स्वतःच्या नकळत ते दर रविवारी नेमक्या त्या खड्ड्याच्या तळाशी उभे राहून उताराला लागत होते.

याच गटाने पुढे किलोमागे अर्धा ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा हा जादा तोटा दिसला नाही. आणि व्यायामाने न थकवलेल्या पायाच्या ताकदीवर अल्कोहोलचा असा परिणाम झाला नाही. म्हणजे नुकसान होतं ते इजा झालेला स्नायू आणि मोठी मात्रा एकत्र आल्यावर. या प्रकरणाची किल्ली मला तिथे सापडली.

दुरुस्ती आतून कशी अडते याचा काही भाग ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या अभ्यासातून कळतो. आठ तरुणांनी वजनांचा व्यायाम आणि सायकलिंग केल्यावर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल घेतलं, एकदा व्हे प्रोटीनबरोबर आणि एकदा नुसत्या कार्बोहायड्रेटबरोबर. स्नायूचे छोटे तुकडे काढून नवी प्रथिनं कोणत्या वेगाने बांधली जातात ते मोजलं. फक्त प्रोटीन घेतलेल्या दिवसाच्या तुलनेत अल्कोहोल अधिक प्रोटीनला वेग २४ टक्क्यांनी कमी, आणि प्रोटीनशिवाय ३७ टक्क्यांनी कमी. बैठकीआधी शेक पिऊन घेतला की हिशोब बरोबर होतो, असं समजणाऱ्यांनी यातला २४ चा आकडा बघावा. शेकमुळे तोटा कमी होतो, भरून निघत नाही. मात्र हे प्रयोग मोजक्या तरुण पुरुषांवरचे आहेत. चाळिशीतल्या माणसाला किंवा बायकांना तेच टक्के जसेच्या तसे लावू नयेत.

खडूची उडी

संशोधन समजावून सांगणं एक आणि या माणसाच्या पायात काय चाललंय ते बघणं वेगळं. प्रयोगशाळेचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून उभी उडी घेतली. बोटांना खडू लावायचा, पार्किंगच्या भिंतीला बाजूने टेकून हात वर करून पहिली खूण, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण. तीन उड्या, सर्वात चांगली घ्यायची, अंतर टेपने मोजायचं. रविवारी पहाटे, दहा मिनिटं हलकं जॉगिंग झाल्यावर, धावायच्या आधी. सोबत उठल्याउठल्याची नाडी. प्रत्येक व्यवस्था निदान दोन आठवडे ठेवली.

पूर्ण ताज्या पायांवर त्यांची उडी ४४ सेंटिमीटर होती. नेहमीच्या क्रमाने, म्हणजे शुक्रवारी स्क्वॉट आणि बैठक, रविवारी ३७. शुक्रवारी तोच स्क्वॉट पण दारू नाही, तर ४२. स्क्वॉटचा थकवा दोन सेंटिमीटरचा आणि वरचे पाच बैठकीचे. हा फरक त्यांनी स्वतः टेप धरून मोजला आणि तेव्हापासून त्यांनी माझ्याशी वाद घालणं सोडलं.

पण बैठक म्हणजे फक्त दारू नव्हे. त्या रात्री जेवण म्हणजे शेंगदाणे, मसाला पापड, चिकन टिक्क्याचे चार तुकडे आणि साडेबाराला दोन घास बिर्याणी. शनिवारी पित्तामुळे दुपारपर्यंत पोटात काही नाही. धावेसाठी लागणारं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, भात-पोळी-बटाट्यातून भरतो. सायकलपटूंवरच्या अभ्यासात असं दिसलं होतं की अल्कोहोलने कार्बोहायड्रेटची जागा घेतली की साठा कमी भरतो, आणि कार्बोहायड्रेट पुरेसं दिलं तर चोवीस तासांत साठा बराचसा भरून येतो. म्हणून पुढचा बदल फक्त जेवणाचा केला. बैठकीला जाण्याआधी आठ वाजता घरी वरणभात, अंडी आणि दही. शनिवारी सकाळी नाचणीची आंबील किंवा मऊ भात, दुपारी आणि रात्री पूर्ण जेवण. पेग नेहमीएवढेच.

त्याचा परिणाम मोठा शिकवणारा होता. बारा किलोमीटरनंतर येणारी ती एकदम रिकामी झाल्यासारखी अवस्था गेली. चढावरचा वेग शेवटपर्यंत टिकला. पण उडी ३८ वरच राहिली आणि उतारावर मांड्या पूर्वीसारख्याच थरथरल्या. म्हणजे एका तक्रारीच्या आत दोन तक्रारी होत्या. इंधनाची तक्रार जेवणाने सुटली. दुरुस्तीची सुटली नाही.

मग स्क्वॉट मंगळवारी नेला. शुक्रवारी जिममध्ये फक्त वरच्या अंगाचा हलका व्यायाम, बैठक जशीच्या तशी. रविवारी उडी ४३. सूस खिंडीचा उतार ते न थांबता उतरले. दारू तेवढीच असूनही पाय शाबूत, कारण त्या रात्री दुरुस्तीला आलेल्या मांड्याच नव्हत्या.

इथे ते म्हणाले, “मग झालं की मॅडम, स्क्वॉट मंगळवारी, बैठक शुक्रवारी.” मला ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं नाडीचं. त्यांची सकाळची नाडी एरवी ५४. बैठकीनंतरच्या शनिवारी ६६, आणि रविवारीसुद्धा ५८, व्यायाम कुठल्याही दिवशी केला तरी. अल्कोहोलने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटत राहते आणि हृदय रात्रभर जास्त ठोके देतं. चार वाजता तोंड कोरडं पडून जाग येणं, मग कूस बदलत राहणं हे त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं. शिवाय वरच्या अंगाच्या व्यायामाचीही दुरुस्ती त्याच रात्री व्हायची असते. खांदे घाट उतरत नाहीत म्हणून ते कळत नाही, एवढंच. आणि १०८ ग्रॅम म्हणजे साडेसातशे उष्मांक, पापड-शेंगदाणे वेगळे. पोट का कमी होत नाही हा त्यांचा दुसरा प्रश्न होता.

म्हणून शेवटचा बदल मात्रेचा. स्क्वॉट मुद्दाम परत शुक्रवारी ठेवला, जेवण आधी, आणि मापाने ६० मिलीचे दोनच पेग, साडेदहाला बंद. हे सुमारे ४० ग्रॅम, किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर. उडी ४१, शनिवारची नाडी ५८. दारू नसलेल्या शुक्रवारपेक्षा एक सेंटिमीटर कमी. खडूच्या खुणेत एवढी चूक सहज होते, म्हणून त्यावरून मी काही म्हणणार नाही. एकाच माणसावरचं हे निरीक्षण आहे, आणि कोणत्या आठवड्यात काय प्यायलो हे त्याला माहीत होतंच.

गोळीचं काय

या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा कळली आणि तीच सर्वात धोक्याची होती. शनिवारी डोकं दुखतं म्हणून ते पॅरासिटामॉल घेत होते आणि रविवारी गुडघ्यासाठी धावायच्या आधी डायक्लोफेनॅक. दारूच्या मोठ्या मात्रेनंतर पॅरासिटामॉलचा ताण त्याच यकृतावर पडतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आधीच चिडलेल्या जठराला आणखी त्रास देतात, आणि घाम गाळत लांब धावताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात. दोन्ही त्याच दिवशी बंद केल्या. गुडघ्याची वेदना ही मांडीने भार न पेलल्याची खूण होती. ती दाबली की उतारावर सगळा धक्का सांध्यावर जातो.

काही लक्षणं दिसली तर मात्र माझ्याकडे न येता थेट डॉक्टरकडे जायचं, हेही लिहून दिलं: जड व्यायामानंतर काळसर चहाच्या रंगाची लघवी आणि सुजून कडक झालेला स्नायू, किंवा बैठकीनंतर छातीत अनियमित धडधड. हे गृहस्थ आठवड्यातून एकदाच घेणारे होते. रोज घेणाऱ्याला मी असं वेळापत्रक देत नाही. त्याने एकदम बंद केली तर फिट येण्यापर्यंत धोका असतो आणि ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं लागतं.

शर्यतीपर्यंत

त्यांनी निवडलेली व्यवस्था अशी: पायांचा जड व्यायाम मंगळवारी, शुक्रवारी मापाचे दोन पेग जेवणानंतर, आणि शर्यतीआधीचे दोन आठवडे पूर्ण कोरडे. मित्रांच्या बैठकीला जाणं सोडलं नाही. ग्लासच्या जागी ३०-६० चं स्टीलचं माप नेलं, आणि त्यांचा मित्रही आता त्यातच ओततो असं सांगत होते.

सप्टेंबरमध्ये साताऱ्याला ते घाट न चालता उतरले. शेवटचे पाच किलोमीटर सर्वात वेगात गेले. मात्र शर्यतीनंतर त्यांच्या मांड्या जून-जुलैतल्या कुठल्याही शुक्रवारपेक्षा जास्त फाटलेल्या होत्या, कारण दहा किलोमीटर सलग उतार म्हणजे हजारो एक्सेंट्रिक ठोके. गाडीत परतताना बिअर फोडायचा बेत मित्रांनी आखला होता. तो मी आदल्या दिवशीच फोनवर रद्द करायला लावला होता: आधी पाणी, मीठ आणि पूर्ण जेवण, दुपारची झोप, आणि बैठक पुढच्या शनिवारी. त्यांनी ती पुढच्या शनिवारीच केली. मधल्या बुधवारी मी उडी घ्यायला लावली, ती ४० होती. मंगळवारचे स्क्वॉट आम्ही आणखी एक आठवडा पुढे ढकलले.